बोर्डावरून स्टँडअपचा सारांश लिहिताय? या चुका टाळा

आमची टीम सहा जणांची. चौघं सोलापुरात होटगी रोडच्या ऑफिसात बसतो, एक सहकारी पुण्यात असते आणि एक जण बार्शीहून घरूनच काम करतो. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो: ऑर्डर, पॅकिंग लिस्ट, बिल, ई-वे बिल असं सगळं. रोज दहाला पंधरा मिनिटांचा स्टँडअप असतो. त्याच्या अर्धा तास आधी ट्रॅकर उघडून कालपासून काय काय झालं याचा सारांश मी ग्रुपवर टाकते. सगळ्यांनी तो वाचून यायचं, म्हणजे बैठकीत प्रत्येकाला "काल काय केलंस" असं विचारण्यात वेळ जात नाही आणि अडलेल्या कामांवर बोलता येतं.

सुरुवातीला कित्येक आठवडे मी हा सारांश चुकीचा लिहीत होते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नसायचं. एका सोमवारचा सारांश इथे जसाच्या तसा देते:

```
झाले: TWL-205 रोल नंबरवरून शोध
चालू: TWL-218 ई-वे बिल, TWL-221 जीएसटी हिशोब
टेस्टिंग: TWL-212 पॅकिंग लिस्ट, TWL-209 लेबल प्रिंट
बाकी: TWL-224, TWL-198
```

बोर्डावर जे कार्ड ज्या रकान्यात होतं ते त्या रकान्याखाली लिहिलं. पाच मिनिटांत काम झालं. आता त्या दिवशी प्रत्यक्षात काय स्थिती होती ते बघा. ई-वे बिलाचं काम मंगळवारपासून एक पाऊलही पुढे गेलेलं नव्हतं. जीएसटीच्या हिशोबाचं कार्ड शुक्रवारी `Done` मधून परत मागे आलं होतं. लेबल प्रिंटला बुधवारपासून कुणी हात लावला नव्हता. TWL-224 हे काम शनिवारी मध्येच घुसलं होतं. या चारही गोष्टी बैठकीत यायला हव्या होत्या. माझ्या सारांशात त्यांतली एकही नव्हती.

पहिली चूक: बोर्डाची नक्कल

बोर्ड म्हणजे या क्षणाचा फोटो. कार्ड कुठे आहे ते तो दाखवतो. ते तिथे कधी आलं, कुठून आलं, किती दिवस पडून आहे, यातलं काही बोर्डाच्या रकान्यावरून कळत नाही. आणि टीमला सारांशातून हवं असतं ते नेमकं हेच. बोर्ड तर प्रत्येक जण स्वतःही उघडून बघू शकतो.

म्हणून सारांश लिहिताना पहिला प्रश्न हा विचारा: मागच्या सारांशानंतर कोणतं कार्ड हललं? जिरामध्ये त्यासाठी `CHANGED` आहे. स्टेटसचा इतिहास तपासून तो कार्डं काढून देतो:

```
project = TWL AND sprint in openSprints()
AND status CHANGED AFTER "2025/11/14 09:30"
```

यातली वेळ म्हणजे मागचा सारांश पाठवला ती वेळ. ही क्वेरी चालवली की हललेली कार्डं समोर येतात. मग प्रत्येक कार्ड उघडून खाली `History` मध्ये कुठून कुठे गेलं ते बघायचं. आमच्यासारख्या टीमला रोज चार-पाच कार्डंच निघतात, त्यामुळे दहा मिनिटं पुरतात.

`History` बघणं टाळू नका, कारण क्वेरी फक्त "हललं" एवढंच सांगते, दिशा सांगत नाही. आमचं TWL-221 याचं उदाहरण आहे. गुरुवारी ते `Done` झालं. शुक्रवारी दुपारी कारखान्याच्या हिशोबनिसांनी फोन करून सांगितलं की परत आलेल्या मालाच्या नोंदीत कर वजाच होत नाही. कार्ड परत `In Progress` मध्ये आलं. सोमवारी बोर्डावर ते इतर चालू कामांसारखंच शांतपणे बसलेलं होतं. बोर्डाच्या दृष्टीनं नुकतं हाती घेतलेलं काम आणि पूर्ण होऊन परत आलेलं काम सारखंच. टीमच्या दृष्टीनं मात्र दोन्हींत खूप फरक आहे, कारण परत आलेल्या कामामागे एक चूक असते आणि तिची वाट बघणारा ग्राहक असतो. अशा कार्डांसाठी मी आता वेगळी क्वेरीच ठेवली आहे:

```
project = TWL AND status CHANGED FROM "Done"
AFTER "2025/11/14 09:30"
```

बहुतेक दिवशी ती रिकामी येते. ज्या दिवशी तिच्यात काही सापडतं, त्या दिवशी ते सारांशाच्या पहिल्या ओळीत जातं.

आपल्याकडे अजून बऱ्याच छोट्या टीम गूगल शीटवरच काम लिहितात. तिथे अशी क्वेरी नाही, पण सेलवर राइट क्लिक करून `Show edit history` उघडलं की आधी काय लिहिलं होतं आणि कुणी बदललं ते दिसतं. त्याहून सोपं म्हणजे रोज सारांश पाठवून झाल्यावर त्या टॅबची एक प्रत करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही टॅब शेजारी ठेवून बघितलं की झालं. आम्ही जिरा घेण्याआधी वर्षभर असंच करत होतो आणि त्यात काही अडलं नाही.

`updated` वर विसंबणं

बदल शोधायचे म्हटलं की हात पहिल्यांदा `updated >= -1d` कडेच जातो. माझाही गेला होता. अडचण अशी की कार्डाला काहीही झालं तरी `updated` बदलतं: कुणी कॉमेंट टाकली, लेबल लावलं, नावातली शुद्धलेखनाची चूक सुधारली, फाइल जोडली. एकदा आमच्यातल्या एकानं पंचवीसेक कार्डांना एकदम लेबल लावलं. दुसऱ्या दिवशी ती सगळी माझ्या यादीत आली आणि मी TWL-198 "चालू आहे" असं लिहून मोकळी झाले. त्या कार्डावर अजून कुणी कामच सुरू केलेलं नव्हतं.

उलट बाजूही आहे. एखादा जण दोन दिवस मान खाली घालून कोड लिहीत असेल आणि कार्डाला हात लावत नसेल, तर `updated` च्या यादीत तो दिसणारच नाही. म्हणजे ही यादी काम न झालेली कार्डं दाखवते आणि काम झालेली लपवते.

तरी ती टाकून देऊ नका. कॉमेंट शोधण्यासाठी तीच कामी येते. `CHANGED` फक्त स्टेटस, असाइनी, प्रायॉरिटी अशा मोजक्या गोष्टींचा इतिहास बघतो; कॉमेंट त्यात येत नाहीत. म्हणून मी `updated` ची यादी नुसती कार्डं हेरण्यासाठी वापरते आणि प्रत्येकावरची शेवटची कॉमेंट वाचते. कार्ड उघडून वाचल्याशिवाय त्या यादीतून एकही ओळ सारांशात जात नाही.

"काल" म्हणजे नेमकं कधी?

`-1d` म्हणजे आत्तापासून मागे चोवीस तास. मंगळवार ते शुक्रवार त्यानं भागतं. सोमवारी सकाळी साडेनऊला मात्र `-1d` रविवारी सकाळी साडेनऊपर्यंतच मागे जातो, आणि शुक्रवारचा सगळा दिवस हातातून निसटतो. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळीच सगळ्यात जास्त कार्डं हलतात, कारण आठवडा संपायच्या आत जो तो आपलं काम पुढे सरकवतो. त्या सोमवारी पॅकिंग लिस्टचं कार्ड शुक्रवारी पावणेसहाला टेस्टिंगला गेलं होतं, आणि रोल नंबरच्या शोधाचं काम शनिवारी एकानं घरून बसून पूर्ण केलं होतं. दोन्ही `-1d` च्या बाहेर.

सोमवारी `-3d` लिहिलं की सुटलं, असंही वाटतं. पण जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत आमचं ऑफिस बंद असतं. त्या आठवड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलं की `-1d` ही चुकतं आणि `-3d` ही चुकतं. त्यात पुण्याच्या सहकारीला ती सुट्टी नसते. तिनं मधल्या दिवशी काम केलेलं असतं आणि ते कुठेच लिहिलं जात नाही. म्हणून दिवस मोजायच्या भानगडीत पडूच नका. मागचा सारांश ग्रुपवर कधी गेला ती वेळ बघा आणि क्वेरीत तीच घाला. सुट्टी एक दिवसाची असो वा चार दिवसांची, मधलं काही सुटत नाही आणि काही दोनदाही येत नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. जिरा ही वेळ तुमच्या प्रोफाइलमधल्या टाइम झोनप्रमाणे धरतो. माझ्या खात्याला सुरुवातीला यूटीसी लागलेलं होतं. मी `09:30` लिहायचे, तो ती वेळ आपल्या दुपारच्या तीनची धरायचा, आणि सकाळी साडेनऊ ते तीन या वेळात झालेले सगळे बदल रोज गायब व्हायचे. एका सहकाऱ्यानं "मी तर बारालाच कार्ड टाकलंय टेस्टिंगला" असं तीनदा सांगितलं तेव्हा कुठे मी प्रोफाइल उघडून बघितलं. तुमच्या सारांशातून कायम सकाळचीच कामं सुटत असतील तर आधी तिथे बघा.

अडलेलं कार्ड "चालू" म्हणून लिहिणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून हिच्यावर थोडं थांबते.

TWL-218 हे ई-वे बिलाचं काम. राज्याबाहेर पन्नास हजार रुपयांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागतं, आणि कारखान्याला ते आमच्या सॉफ्टवेअरमधूनच निघायला हवं होतं. त्यासाठी एपीआयचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो. तो करदात्यालाच ई-वे बिलाच्या पोर्टलवर आपल्या लॉगिनमधून तयार करून द्यावा लागतो. आम्ही तो बनवू शकत नाही. बार्शीच्या सहकाऱ्यानं सोमवारी काम हाती घेतलं, मंगळवारी कोड लिहून झाला, आणि चाचणी घ्यायची तर पासवर्ड नाही. त्यानं कार्डावर कॉमेंट टाकली:

"कारखान्याकडून युजरनेम-पासवर्ड अजून आलेला नाही. कालही मेल केला होता."

कार्ड तसंच `In Progress` मध्ये राहिलं. बुधवारी मी लिहिलं, "ई-वे बिल चालू". गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. पुढच्या सोमवारीही तेच. तो बिचारा बैठकीत बोलायचा, पण घरून जोडलेला, आवाज तुटत असायचा, आणि सारांशात "चालू" दिसतंय म्हटल्यावर कुणी खोलात जात नव्हतं. शेवटी मीच एकदा त्याला फोन केला.

"दादा, ई-वे बिल किती राहिलंय?"

"ताई, माझ्याकडून मंगळवारीच झालंय. पासवर्डसाठी थांबलोय. मेल कोण वाचतंय तिथे काय माहीत."

त्याच दिवशी दुपारी आमच्यातला एक जण अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यात जाऊन बसला आणि तासाभरात पासवर्ड घेऊन आला. मेल ज्यांच्या नावावर जात होता ते गृहस्थ रजेवर होते. चार दिवस वाया गेले होते, आणि ते वाचवायला सारांशात एक ओळ पुरली असती.

मग अडलेलं कार्ड ओळखायचं कसं? ट्रॅकर ते एका ठिकाणी दाखवत नाही. काही जण कार्डाला फ्लॅग लावतात. ते `Flagged is not EMPTY` नं सापडतात. काही जण दुसऱ्या कार्डाशी `is blocked by` असा दुवा जोडतात. आणि आमच्यासारख्या टीममध्ये निम्म्याहून जास्त वेळा अडथळा फक्त कॉमेंटमध्ये असतो, साध्या मराठीत: "वाट बघतोय", "अजून आलं नाही", "सांगतो म्हणाले". फ्लॅग नाही म्हणजे अडथळा नाही असं धरू नका.

मला सगळ्यात उपयोगी पडते ती ही क्वेरी. चालू म्हणून मोडणारी, पण तीन दिवसांत जागची न हललेली कार्डं ती काढून देते:

```
project = TWL AND sprint in openSprints()
AND statusCategory = "In Progress"
AND NOT status CHANGED AFTER -3d
```

या `-3d` मध्ये शनिवार-रविवारही धरले जातात, म्हणून सोमवार ते बुधवार मी तिथे `-5d` करते. निघालेलं प्रत्येक कार्ड अडलेलंच असतं असं नाही. मोठं काम असेल तर ते आठवडाभरही एकाच रकान्यात राहू शकतं. म्हणून यादी हातात आली की शेवटची कॉमेंट वाचायची, आणि तिथेही काही नसेल तर त्या माणसाला एका ओळीत विचारायचं: "हे चाललंय की कशासाठी थांबलंय?" उत्तर यायला दोन मिनिटं लागतात.

अडथळा सारांशात लिहिताना तीन गोष्टी हव्यात: कशासाठी थांबलंय, कुणाकडून हवंय, किती दिवस झाले. "ई-वे बिल अडलं आहे" एवढ्यावर कुणी जागचं हलत नाही. "ई-वे बिल: कोड तयार, कारखान्याकडून एपीआयचा पासवर्ड हवा, मंगळवारपासून थांबलंय" असं वाचलं की गाडीची किल्ली कुणी घ्यायची हे बैठकीत आपोआप ठरतं.

कार्ड सांगत नाही ते लिहिणं

ट्रॅकर बघून लिहिताना आपण नकळत रिकाम्या जागा भरतो. कार्ड `Testing` मध्ये आहे, असाइनीच्या जागी बार्शीच्या सहकाऱ्याचं नाव आहे, म्हणून आपण लिहितो, "तो लेबल प्रिंटचं टेस्टिंग करतोय". TWL-209 बद्दल मी आधीच्या एका सारांशात हेच लिहिलं होतं. खरं तर कोड त्यानं लिहिला होता. टेस्टिंग आमच्याकडे एक ताई बघतात, आणि कार्ड पुढे ढकलताना त्यानं असाइनी बदलला नव्हता. त्याला वाटलं ताईंनी घेतलं असेल. ताईंच्या यादीत ते कार्ड आलंच नाही, कारण त्या स्वतःच्या नावावरचीच कार्डं बघतात. सारांशात त्याचं नाव वाचून त्यांनाही वाटलं, तोच बघतोय. बुधवार ते सोमवार ते कार्ड दोघांच्या मध्ये पडून होतं, आणि माझ्या वाक्यानं गैरसमज पक्का केला.

आता मी असं लिहिते: "लेबल प्रिंट बुधवारी टेस्टिंगला आलं, अजून कोड लिहिणाऱ्याच्याच नावावर आहे." कार्डावरून जेवढं सिद्ध होतं तेवढंच. रकाना कामाची पायरी सांगतो. आज त्यावर कोण बसलंय हे तो सांगत नाही.

"झालं" या शब्दाचंही तसंच. आमच्या बोर्डावर `Done` म्हणजे टेस्टिंग पास. ते काम कारखान्याच्या सर्व्हरवर चढतं दर गुरुवारी. हे आम्हा सहा जणांना माहीत असतं. पण आमच्या ग्रुपवर कारखान्याचे एक व्यवस्थापकही आहेत. मी "रोल नंबरवरून शोध झाला" असं लिहिलं, आणि अकरा वाजता त्यांचा फोन: "मॅडम, गोदामात दिसत नाहीये की हो." चूक त्यांची नव्हती. सारांश टीमच्या बाहेर कुणीही वाचणार असेल तर "टेस्टिंग पास, गुरुवारी सर्व्हरवर" असं पूर्ण लिहा. आणि तुमच्या टीमच्या `Done` चा अर्थ आधी तपासून घ्या. कुठे तो कोड जोडल्यावर लागतो, कुठे ग्राहकानं बघितल्यावर.

"उद्यापर्यंत होईल" हे वाक्य तर कधीच आपल्या मनानं लिहू नका. कार्डावर तारीख असेल तर ती लिहा, माणसानं सांगितलं असेल तर त्याच्या नावानं लिहा.

मध्येच घुसलेली कामं

यावर फार लिहीत नाही, पण हे हमखास सुटतं. स्प्रिंट सुरू झाल्यावर आलेलं नवं कार्ड `created` नं सापडतं. जुनंच एखादं कार्ड बॅकलॉगमधून ओढून आणलं असेल तर ते सापडत नाही, कारण `CHANGED` ला स्प्रिंटमधला बदल बघता येत नाही. त्यासाठी जिराचा स्प्रिंट रिपोर्ट उघडा. स्प्रिंट सुरू झाल्यानंतर आत आलेल्या कार्डांपुढे तिथे चांदणी असते. TWL-224 असंच आलं होतं, आणि ते हाती घ्यायचं तर कोणतं काम बाजूला ठेवायचं हे बैठकीत ठरायला हवं होतं.

माणसांप्रमाणे मांडणी

पूर्वी मी प्रत्येकाच्या नावाखाली त्याची कार्डं लिहायचे. वाचायला नीटनेटकं दिसायचं. पण त्यानं दोन गोष्टी बिघडल्या. ज्याच्या नावाखाली काही नसेल तो ओशाळा व्हायचा, आणि मग कार्डं उगाच हलायला लागली. सव्वानऊला एखादं कार्ड पुढे सरकायचं, अकराला परत मागे. दुसरं म्हणजे दोघांच्या मध्ये पडलेलं काम कुणाच्याच नावाखाली येत नव्हतं. स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीतून "काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय" हे तीन प्रश्न काढून टाकले आहेत. भर आहे तो स्प्रिंटच्या उद्दिष्टाकडे आपण किती सरकलो यावर. सारांशही मग त्याच क्रमानं लिहिलेला बरा: आधी उद्दिष्टाच्या वाटेत काय अडलंय, मग काय हललं, मग काय पडून आहे. नाव फक्त जिथे कुणाकडून काही हवंय तिथे.

त्या स्प्रिंटचं आमचं उद्दिष्ट होतं, कारखान्यातून पहिला ट्रक आमच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या ई-वे बिलावर जावा. त्याच सोमवारची तीच कार्डं घेऊन सारांश असा व्हायला हवा होता:

```
सोमवार 17 नोव्हेंबर (शुक्रवार सकाळी 9:30 पासूनचे बदल)

अडलंय
- TWL-218 ई-वे बिल: कोड तयार. कारखान्याकडून एपीआयचा
  पासवर्ड हवा. मंगळवारपासून थांबलंय. कुणी जायचं?

परत आलंय
- TWL-221 जीएसटी हिशोब: गुरुवारी पूर्ण, शुक्रवारी परत
  उघडलं. परत आलेल्या मालावर कर वजा होत नाही.

पुढे सरकलं
- TWL-212 पॅकिंग लिस्ट: टेस्टिंगला आलं.
- TWL-205 रोल नंबर शोध: टेस्टिंग पास, गुरुवारी सर्व्हरवर.

पडून आहे
- TWL-209 लेबल प्रिंट: बुधवारपासून टेस्टिंगमध्ये,
  अजून कोड लिहिणाऱ्याच्याच नावावर.

नवीन
- TWL-224: शनिवारी स्प्रिंटमध्ये आलं. घ्यायचं का, ठरवू.
```

TWL-198 यात नाही, कारण त्याचं नुसतं लेबल बदललं होतं. वरती "कधीपासूनचे बदल" ही ओळ मुद्दाम ठेवली आहे. वाचणाऱ्याला त्यामुळे कळतं की शुक्रवार सकाळच्या आधीचं यात सापडणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी क्वेरीत कुठली वेळ घालायची हे मलाही शोधावं लागत नाही.

एवढं करूनही एखादी ओळ चुकते. कुणीतरी नऊ चाळीसला कार्ड हलवतो, किंवा काम झालेलं असतं आणि कार्ड हलवायचं राहून गेलेलं असतं. बैठकीत ते कळलं की मी मूळ मेसेज पुसत नाही. त्यालाच उत्तर देऊन खाली दुरुस्ती लिहिते, आणि ज्याचं कार्ड आहे त्याला बैठक संपायच्या आत ते हलवायला सांगते. नाहीतर दुसऱ्या दिवशीची क्वेरी त्याच जुन्या जागेवरून सुरू होते आणि तीच चूक पुन्हा सारांशात येते.